‘म्हटलं’भोवतीचं वर्तुळ

सकाळी पावणेआठला कानसेन गावाकडे थोरल्या बहिणीला फोन लावायचे, फोन डाव्या कानाला धरायचे आणि पुढची आठ-दहा मिनिटं ‘हं’ याखेरीज काही बोलायचे नाहीत. बोलायची ती आक्काच. विहिरीची मोटर बिघडली, शेजारची सून माहेरी गेली, मांजर परत व्यायला झालंय. कानसेन खिडकीपाशी उभे राहून डोळे मिटून ऐकत. वाद्य लावून घेणारा माणूस जसा मान तिरकी करतो, तशी त्यांची मान होई. आक्काचं संपलं की ती स्वतःच म्हणे, “ठेवते रे बारक्या, दूध तापतंय, म्हटलं.” मग ते फोन ठेवून चपला घालत.

“बहिणीला बोलायला भाऊ लागतो, भावाला ऐकायला बहीण लागते,” त्यांची बायको बादलीतला कपडा झटकत म्हणे. “मला वाळत घालताना चादरीचं दुसरं टोक धरायला कोणीतरी लागतं. ते कोणी धरायचं?”

“आलो,” म्हणत ते टोक धरत. पण तेव्हाही ओठ हलत असत. आक्काचं एखादं वाक्य ते पुन्हा मनात म्हणून बघत असत.

खरं नाव पगाराच्या पावतीवर होतं, बाकी सगळे त्यांना कानसेनच म्हणत. नाव पडलं ते नाटक कंपनीत. तीस वर्षं ते विंगेत स्टुलावर बसून प्रॉम्प्टिंग करत होते. नटाचा श्वास अडखळला की पुढचा शब्द ते नेमका तेवढ्याच आवाजात देत, पहिल्या रांगेलाही कळत नसे. कोणीतरी एकदा म्हणालं, “सगळ्यांनाच तानसेन होता येत नाही, पण असा कानसेन मिळायला भाग्य लागतं.” ते नाव चिकटलं. पुढे कंपनी बंद पडली आणि मालिका बनवणाऱ्या एका संस्थेत त्यांना काम मिळालं. मालिका खेड्यातल्या एका कुटुंबाची होती आणि लिहिणारी मुलगी शहरातली. तिचे संवाद कानसेनांनी तिकडच्या बोलण्याजवळ न्यायचे. कागदावर हुद्दा होता ‘भाषा सहाय्यक’. पण प्रॉडक्शन मॅनेजर पानं टेबलावर टाकताना रोज म्हणे, “घ्या कानसेन, तडका मारा.”

“मी आचारी नाही,” कानसेन म्हणत.

“मग काय आहात?”

“कारकून. ज्याचं त्याला परत करतो.”

त्यांचं टेबल स्टुडिओच्या मागच्या जिन्याखाली होतं. वरून माणसं धडधडत गेली की चहात धूळ पडे. टेबलावर एक हिरवी पेन्सिल, एक खोडरबर आणि चष्मा पुसायचं फडकं. लेखिकाबाई, म्हणजे ती लिहिणारी मुलगी, पहिल्या आठवड्यात तिथे आली ती घुश्शात. तिच्या पानावर त्यांनी जेमतेम चार खुणा केल्या होत्या.

“काका, यात गाव कुठे आहे? सगळं तर मी लिहिलं तसंच आहे.”

“तुम्हाला काय हवं होतं?”

“म्हणजे... ‘लई’, ‘न्हाई’, ‘पानी’. चॅनेलला तसं लागतं.”

कानसेनांनी स्टूल पुढे सरकवलं. “बसा. हे वाक्य बघा. ‘मला या विषयावर काहीही बोलायचे नाही.’ यातला नाहीचा न्हाई केला तर काय होईल?”

तिने मनातल्या मनात म्हणून पाहिलं आणि तिलाच हसू आलं. “वकिलाने फेटा बांधल्यासारखं होईल.”

“झालं तर. शब्दाचा उच्चार नंतर. आधी वाक्य कसं बसतं ते बघायचं. आमच्याकडची बाई विषय वगैरे म्हणणार नाही. ती म्हणेल, ‘नको ते. राहू दे आता.’ दोनच तुकडे. यात एक तरी शब्द असा आहे का, जो तुमच्या घरी कोणी बोलत नाही?”

“नाही.”

“पण तुमच्या घरातलं वाटतं का?”

तिने स्वतःचं पेन काढलं आणि ते वाक्य वहीत लिहून घेतलं. त्या दिवसापासून दोघांचं जमलं.

त्यांची पद्धत साधी होती, पण हट्टाची. शब्दांचं लेखन ते मोडत नसत. कागदावर ‘पानी’ लिहिलं की नट त्या ‘नी’वरच पाय देऊन उभा राहतो, असं ते म्हणत. लिहायचं ‘पाणी’, आणि नटाला सांगायचं की ण सैल सोड, लक्षात येईल न येईल इतकाच. दहा ओळींत दोन जागा तिकडच्या, बाकी साध्या. क्रियापद पुढे आणायचं, वाक्य मध्येच सोडून द्यायचं, उत्तराऐवजी दुसराच प्रश्न विचारायला लावायचं. आणि सगळ्यांना एकच रंग द्यायचा नाही. मालिकेतला सरपंच घरात एक बोलेल आणि सभेत वर्तमानपत्रासारखं बोलेल. शहरात शिकलेला मुलगा आईशी बोलताना चार वाक्यांत गावाला पोचेल. आई डॉक्टरसमोर शुद्ध बोलायला जाईल आणि दुखण्याचं नाव घेताना घसरेल. “माणूस दिवसभर एकाच सुरात बोलत नाही,” ते म्हणत. “एका सुरात फक्त भोंगा वाजतो.”

गड्याचं काम करणारा नट मोठा हौशी होता. तो न विचारता प्रत्येक वाक्याला ‘लई’ लावी आणि ‘पण’चासुद्धा ‘पन’ करी. कानसेनांनी त्याला बाजूला घेतलं.

“तुमचा हा गडी हिशेब करताना कसा बोलेल? किंवा कोर्टात साक्ष देताना?”

“त्याला असा सीनच नाही हो.”

“तेच म्हणतोय मी. ज्या भाषेत नुसते विनोदच करता येतात, ती कोणाची भाषा नसते. ते सोंग असतं.”

नट हसला. “काका, मला रोजचा दोन मिनिटांचा सीन असतो. त्यात मी सोंगाशिवाय काय दाखवू?” त्यालाही त्याची अडचण होती, हे कानसेनांना कळत होतं.

आईचं काम करणाऱ्या बाईंची गोष्ट वेगळी. साठीच्या, रंगभूमीवरून आलेल्या, नाटकात कानसेनांचे शब्द विंगेतून झेललेल्या. त्या त्यांच्या खुणा वाचत. शब्दाखाली रेघ म्हणजे इथे श्वास. बारीक टिंब म्हणजे वाक्य अर्धं सोडायचं. आणि शब्दाभोवती वर्तुळ म्हणजे हा शब्द गिळायचा, ओठांच्या आतच ठेवायचा, ऐकणाऱ्याला नुसती चाहूल लागली पाहिजे. प्रॉम्प्टिंगच्या वहीत ते तीस वर्षं हेच वर्तुळ काढत आले होते. आधीचा सहाय्यक दिग्दर्शक पानं टाइप करताना वर्तुळातला शब्द बारीक अक्षरात घेई. तो दुसऱ्या मालिकेवर गेला, त्याच्या जागी एक नवी मुलगी आली, चटपटीत, कामाला वाघ. वर्तुळाचा अर्थ तिला कोणी सांगितला नाही. सांगायचं काम कानसेनांचंच होतं, आणि ते त्यांच्याकडून राहून गेलं.

त्या आठवड्यात एक मोठा प्रसंग होता. मुलगा बापाशी भांडून घर सोडून जातो, आई दारात उभी. लेखिकाबाईने लिहिलं होतं, ‘तू गेलास तरी हे घर तुझेच आहे, हे कधीही विसरू नकोस.’ कानसेन त्या वाक्यापुढे दोन चहा होईपर्यंत बसून राहिले. सकाळी फोनवर आक्का शेजारणीच्या मुलाबद्दल सांगत होती. तो रागाने निघून गेला, आणि त्याची आई काही न बोलता पायरीवर बसून राहिली. “मीच जाऊन बसले तिच्याजवळ,” आक्का म्हणाली होती. “एकटी कशाला, म्हटलं.”

हे ‘म्हटलं’ आक्काच्या वाक्यांच्या शेवटी येई. फार वेळा नाही, दहा-बारा वाक्यांत एखाद्या वेळी. मनात असलेलं सांगून टाकलं, पण तुझ्यावर लादत नाही, इतकं त्या शब्दात असे. त्यांची आईही तसंच बोलायची. शब्द साधा, कोणाच्याही तोंडी असणारा. फक्त तिकडे तो वाक्याच्या शेवटी जाऊन बसे, हलक्या पावलांनी, उंबऱ्यात बसल्यासारखा.

कानसेनांनी लेखिकाबाईची ओळ खोडली. खाली लिहिलं, ‘दाराला कडी नाही घालत मी. म्हटलं.’ आणि शेवटच्या शब्दाभोवती नीट, गोल वर्तुळ काढलं.

लेखिकाबाईने वाचलं आणि बराच वेळ पान हातातच धरून ठेवलं. “माझं वाक्य गेलं,” ती म्हणाली.

“वाईट वाटलं?”

“नाही. मला आधी का नाही सुचलं, याचं वाटलं.”

चित्रीकरणाच्या दिवशी कानसेन दाढ काढायला गेले होते. गाल सुजवून दुसऱ्या दिवशी आले, तेव्हा प्रसंग होऊन गेला होता. नव्या मुलीने वर्तुळ म्हणजे महत्त्वाचा शब्द असा सरळ अर्थ लावला होता, आणि तो ठळक टाइपात घेऊन पुढे उद्गारचिन्ह दिलं होतं. आईचं काम करणाऱ्या बाईंनी विचारलं होतं, “हे कानसेनांनी केलंय?” “त्यांच्याच खुणा आहेत,” मुलगी म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. मग बाईंनी क्षणभर थांबून, मुलाच्या पाठीकडे बघत, तो शब्द जोर देऊन उच्चारला. दिग्दर्शक खूश झाला. संकलकाने शब्दाच्या आधी शांतता वाढवली आणि नंतर एक ठण्ण असा आवाज टाकला.

कानसेनांनी तो तुकडा, सुजलेल्या गालावर हात ठेवून, संकलकाच्या पडद्यावर पाहिला.

“वर्तुळ म्हणजे गिळायचं,” ते त्या मुलीला म्हणाले.

तिचा चेहरा उतरला. “सर, मला खरंच माहीत नव्हतं. पुन्हा घेता येईल का?”

“आता कुठलं. सेट मोडला ना.” मग तिचे डोळे भरलेले बघून म्हणाले, “जाऊ दे. एक शब्द तर आहे. कोणाच्या लक्षात येणार?”

सगळ्यांच्या लक्षात आला. भाग दाखवला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून लोक एकमेकांना ‘म्हटलं!’ म्हणू लागले. कोणी त्याचं चित्र करून फोनवर पाठवलं, त्यात बाईंचा चेहरा आणि खाली तो शब्द. गुरुवारी टीआरपीचे आकडे आले, मालिका तीन पायऱ्या वर चढली होती. चॅनेलमध्ये मालिकांचं काम बघणाऱ्या मॅडम स्वतः आल्या, येताना मिठाई घेऊन.

“काका, सोनं सापडलंय आपल्याला,” त्या म्हणाल्या. “आता प्रत्येक भागात तीन तरी हवेत. पहिल्या ब्रेकआधी एक नक्की.”

“बाई, तो शब्द मोजून घालायचा नसतो. महिन्यातून एकदा आला तर तो माणसाचा वाटतो. रोज तीनदा आला की घंटा होते.”

“पण लोकांना आवडतंय ना?”

“घंटाही आवडते. शाळा सुटायची असली की.”

खोलीतले सगळे हसले, मॅडमही हसल्या. त्यांनी ते वाक्य कौतुकाने ऐकलं आणि वहीत तीनचा आकडा लिहिला. वाईट बाई नव्हती ती. तिलाही वर कोणाला तरी आकडे दाखवायचे होते.

त्यानंतर कानसेनांनी जमेल ते सगळं करून पाहिलं. आईच्या वाक्यांतून शब्द काढून ते दुसऱ्या खुणा पेरत, वाक्य उलटं फिरवत, जेणेकरून शेवटी जागाच उरू नये. सेटवर तो शब्द परत यायचा. वर्तुळ काढायचं त्यांनी सोडून दिलं. एकदा त्यांनी मालिकेतल्या आईसाठी तहसील कचेरीतला प्रसंग लिहून घेतला. ती जमिनीचा कागद वाचते, साहेबाची चूक दाखवते, हळू आणि नेमकं बोलते, आणि पूर्ण पानात एकदाच, अगदी मधल्या वाक्याला, तो शब्द येतो. लेखिकाबाईने जीव ओतून लिहिलं. कानसेनांना वाटलं, या एका प्रसंगाने शब्दाची अब्रू परत येईल. प्रसंग लांबतोय म्हणून कापला गेला. उरलं ते एवढंच, की आई कचेरीच्या दारातून बाहेर येते, पदर खोचते आणि म्हणते, “दाखवला इंगा, म्हटलं!” ठण्ण.

हौशी नटाने तो शब्द गड्याच्या तोंडीही घातला. मग विहिणीनेही. शेवटी सरपंच भर सभेत ‘म्हटलं!’ म्हणाला.

“सगळ्या गावाला उचकी लागलीय,” कानसेन लेखिकाबाईला म्हणाले.

“काका, मी भांडू का मॅडमशी?”

“भांडून झालंय माझं. आता तुमची नोकरी कशाला घालवता? माझी तर उतारावरची आहे.”

आईचं काम करणाऱ्या बाई एकदा जिन्याखाली आल्या. रंग उतरवलेला चेहरा, हातात पाण्याची बाटली. त्या स्टुलावर टेकल्या. “मला कळतंय हो,” त्या म्हणाल्या. “पण मी हळू म्हटलं की मॉनिटरमागून आवाज येतो, ‘बाई, एनर्जी.’ या वयात एनर्जी. आणि आता तर रस्त्यात लोक पाया पडतात आणि म्हणतात, एकदा म्हणा ना. मी म्हणते. नाही कसं म्हणू?” कानसेनांनी त्यांना चहा सांगितला. दोघं मिनिटभर वरच्या पायऱ्यांवरची धडधड ऐकत बसले.

गावाकडे आक्का सुरुवातीला खूश होती. “तुझी ती बाई माझ्यासारखी बोलते रे,” तिने सांगितलं. “पोरी म्हणतात, आजी, तूच टीव्हीत गेलीस.” कानसेनांना आनंद झाला नाही आणि तिला सांगताही आलं नाही. मग हळूहळू बातम्या बदलल्या. गल्लीतली मुलं तिला ‘म्हटलं आजी’ म्हणू लागली. दवाखान्यात कंपाउंडरने नाव पुकारायच्या ऐवजी, “चला, आत चला, म्हटलं!” असं पुकारलं, आणि बाकावरचे सगळे हसले. आक्कानेही हसूनच सांगितलं. “मीपण हसले,” ती म्हणाली. “काय करणार? सगळे हसत होते.”

त्यानंतर आठवडाभराने कानसेनांच्या लक्षात आलं की तो शब्द फोनवर येत नाही. वाक्याच्या शेवटी आक्का जराशी थबके, जिथे तो बसायचा तिथे, आणि मग पुढे जाई. जिन्याची एक पायरी निखळलेली असावी आणि घरच्या माणसाने सवयीने ती ओलांडावी, तसं. रोज ते ती जागा ऐकत. पंधरा दिवसांनी तीही जागा बुजली. तिच्या बोलण्यात दुसरंच काही येऊ लागलं होतं.

“मी बरी आहे,” एका सकाळी ती म्हणाली. “आज हवा थंड आहे. मोटर दुरुस्त झालेली आहे.”

“आक्का, शेजारी कोणी बसलंय का?”

“नाही. मी एकटीच आहे.”

“मग अशी का बोलतेस? शाळेत निबंध वाचल्यासारखी?”

“नात म्हणाली, आजी, नीट बोलत जा, नाहीतर लोक हसतात. तिच्या मैत्रिणी येतात ना घरी. पोरीला खाली बघावं लागतं माझ्यामुळे.” मग घाईने म्हणाली, “तू मनाला लावून घेऊ नकोस. वय झालं म्हणून काय, नवीन शिकू नये का माणसाने?”

त्या दिवशी त्यांनी कपड्याचं टोक धरलं नाही. बायकोने एकटीने चादर पिळली आणि वाळत घातली. त्यांच्यासमोर चहा ठेवताना एवढंच म्हणाली, “गप्प बसण्याचे दोन प्रकार असतात तुमचे. आजचा हा दुसरा.”

दुसऱ्या दिवशी कानसेनांनी फोनवर कबुली दिली. “आक्का, तो शब्द मी तुझ्याकडून उचलला होता.”

“हो की. मला कळलं नव्हतं होय? पहिल्याच दिवशी कळलं.”

“मी चुकलो.”

“चुकलास कसला? शब्द काय माझ्या एकटीचा आहे? आई म्हणायची, तिची आई म्हणायची.”

हे ऐकून त्यांना हलकं वाटायला हवं होतं. पण त्यांना दिसलं ते असं, की आपण उचललं ते आक्काच्या एकटीचं नव्हतं, आईचंही होतं. त्यांच्या कानात आईचा आवाज चाळीस वर्षं जसाच्या तसा होता, आणि हल्ली तो आठवू गेलं की मागून ठण्ण व्हायचं.

“पहिल्यासारखं बोल ना माझ्याशी,” ते म्हणाले. “माझ्याशी कसली लाज? इथे कोण हसतंय?”

“पहिल्यासारखं म्हणजे कसं?”

“तुझं तुझं. जसं येईल तसं.”

आक्का विचारात पडली. भावाने काही मागितलं आहे आणि ते आपल्याकडे आहे, तर द्यावं, असा तिचा स्वभाव. तिने घसा साफ केला.

“दाराला कडी नाही घालत मी,” ती म्हणाली, आणि थांबली. पडद्यावर जितकं थांबत तितकंच. मग जोर देऊन, ठसक्यात, शेवटचं अक्षर वर उचलत म्हणाली, “म्हटलं!” आणि हसली. “जमलं का रे? नातीने शिकवलंय. घरी आलं की सगळे मला तेच करायला लावतात.”

खिडकीबाहेर कोणीतरी स्कूटर पुसत होतं. फडकं बादलीत बुडवून पिळल्याचा आवाज कानसेनांना नीट ऐकू आला.

“जमलं,” ते म्हणाले.

नोकरी सोडायचं पत्र त्यांनी लिहिलं. प्रॉडक्शन मॅनेजरने ते वाचून खिशात ठेवलं. “कानसेन, तुम्ही गेलात तरी शब्द आमच्याकडे आहे,” तो म्हणाला. टोमणा नव्हता, तो समजूतच काढत होता. “मग पगार का सोडता? बसा ना. निदान बाकीची पानं तरी नीट होतील.” लेखिकाबाईनेही तेच सांगितलं, डोळे पुसत. कानसेन बसले. सून, मुलगा, शाळेतले मास्तर, यांच्या वाक्यांत त्यांनी दहा ओळींत दोन जागा या हिशेबाने काम केलं, पहिल्यासारखंच नेटाने. लेखिकाबाई आता निम्म्या जागा स्वतःच हेरू लागली होती, तिच्या पानांवर हिरवी पेन्सिल कमी फिरे. आईच्या पानांना मात्र ते हात लावत नसत. ती तशीच कोरी पुढे जात.

फोन त्यांनी बंद केला नाही. पावणेआठ वाजले की लावायचेच. आक्का निबंधासारखं बोलायची, हवा, तब्येत, नातीचे मार्क, आणि पाच मिनिटांत तिचं संपायचं. पूर्वी आठ-दहा सहज जात. एकदा बोलणं संपल्यावर ते म्हणाले, “ठेवू नकोस. तुझं काम कर. फोन नुसता चालू राहू दे.”

“आणि तू काय करणार?”

“मी चहा घेतोय.”

“वेडाच आहेस,” ती म्हणाली आणि फोन फळीवर ठेवून गेली. तेव्हापासून तो रिवाज पडला. भांडी वाजत, नळ चाले. आणि मग लांबून, चुलीपाशी, आक्का मांजराशी बोलू लागे. शब्द कळत नसत. कानसेन फोन डाव्या कानावर घट्ट दाबून धरत, उजव्या कानात बोट घालत, तरी शब्द कळत नसत. कळे तो नुसता चढ आणि उतार, वाक्य कुठे वळलं ते, आणि शेवटी आवाज कुठेतरी खाली जाऊन बसे तो. तिथे तो शब्द होता की नव्हता, हे त्यांना कधीच ठरवता आलं नाही. विचारायचीही सोय नव्हती. विचारलं असतं तर तिने मांजराशीही नीट बोलायला सुरुवात केली असती.

मालिका चालू असतानाच, त्या वर्षाच्या शेवटी, कानसेन गेले. छातीचं दुखणं, तीन दिवस दवाखान्यात, चौथ्या दिवशी दुपारी. स्टुडिओत जिन्याखालचं टेबल तसंच होतं. लेखिकाबाईने खण उघडला तर आत प्रॉम्प्टिंगच्या जुन्या वह्या होत्या, पानोपानी वर्तुळं. नव्या मुलीने एक वही मागून घेतली. वर्तुळातला शब्द बारीक अक्षरात टाइप करायचा, हे आता तिला माहीत आहे, पण वर्तुळं काढणारं कोणी नाही.

त्या चौथ्या दिवशीही सकाळी पावणेआठला फोन झाला होता. बायकोने तो त्यांच्या डाव्या कानाशी धरला होता. आक्का रडली नाही, बरा होऊन ये म्हणाली, शुद्ध भाषेत, आणि मग नेहमीप्रमाणे फोन फळीवर ठेवून दूध तापवायला चुलीकडे गेली. कानसेन डोळे मिटून, मान जरा तिरकी करून ऐकत होते. बराच वेळ गेला. बायकोचा हात अवघडला. शेवटी आक्काचा आवाज जवळ आला, “आहेस का रे अजून?”

“आहे,” ते म्हणाले. “दूध उतू जाईल, बघ.”